लेबलं बदलली, रिपोर्ट थांबला: आता अहवालात काय लिहायचं?

प्रश्न: आमच्या लॅबमध्ये दोन पेशंटच्या सीबीसीच्या ट्यूबवर लेबलांची अदलाबदल झाली. रिपोर्ट डॉक्टरांकडे जायच्या आधीच लक्षात आलं, दोघांचं रक्त परत घेतलं, बरोबर रिपोर्ट गेले. आता क्वालिटी मॅनेजर घटनेचा अहवाल मागतायत. कुणाचंच नुकसान झालेलं नाही, मग त्यात लिहायचं तरी काय? 'टेक्निशियनच्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, समज दिली' एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. 'समज दिली' हे वाक्य सुरुवातीच्या काळात मीही लिहिलंय. एका वर्षात तीनदा, तीन वेगवेगळ्या नावांपुढे. चौथ्यांदा लिहायला बसले तेव्हा आमच्या त्या वेळच्या प्रमुख मॅडमनी आधीचे तिन्ही कागद माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, "ही तीन माणसं निष्काळजी आहेत, की हा काउंटर?" तेव्हापासून असा अहवाल मी वेगळ्या पद्धतीने लिहिते. तुमच्यासारखंच एक प्रकरण मी हाताळलं आहे, तेच उलगडून सांगते. दोन्ही पेशंटना 'अ' आणि 'ब' म्हणू.

'अ' बाई, वॉर्डात दाखल, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया, शिवाय मधुमेह. आदल्या दिवशीचं हिमोग्लोबिन ८.१, एमसीव्ही ६८. त्या सकाळी त्यांच्या नावाच्या ट्यूबचं हिमोग्लोबिन आलं १३.७ आणि एमसीव्ही ९१. सिस्टिममध्ये डेल्टा चेक लावलेला होता, म्हणजे त्याच पेशंटचा जुना आकडा आणि नवा आकडा यांत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की रिपोर्ट आपोआप थांबतो. तो थांबला. वेळ ८ वाजून ५२ मिनिटं.

इथे बेंचवरच्या टेक्निशियनने जे केलं ते अहवालात सविस्तर यायला हवं, कारण बऱ्याच ठिकाणी या पायरीवरच घात होतो. डेल्टाचा लाल खुणेचा रिपोर्ट दिसला की सवयीने सॅम्पल रिपीट करतात. रिपीटमध्ये तोच आकडा येतो, येणारच, आणि 'रिपीट करून खात्री केली' अशी नोंद टाकून रिपोर्ट सोडला जातो. मशीन चुकत नव्हतंच. सकाळचे कंट्रोलही व्यवस्थित होते. मशीनने अगदी बरोबर उत्तर दिलं होतं, फक्त दुसऱ्या माणसाचं. अशा चुकीला कंट्रोल पकडू शकत नाहीत, रिपीटही पकडू शकत नाही.

मग पहिला प्रश्न हा की हा बदल शरीरात खरंच घडू शकतो का. बाईंना रक्त चढवलं असेल का? एक पिशवी साधारण १ ग्रॅमने हिमोग्लोबिन वाढवते. ८ वरून पावणेचौदावर एका रात्रीत जायला पाच-सहा पिशव्या लागतील, आणि तेवढं रक्त देऊनही बाईंच्या स्वतःच्या लहान पेशी रक्तात राहतातच. स्मिअरवर लहान आणि नेहमीच्या आकाराच्या पेशी एकत्र दिसतात, आरडीडब्ल्यू चढतो. इथे आरडीडब्ल्यू आदल्या दिवशी १९.५ होता, आज १३.२. सगळ्या पेशी एकसारख्या, सुबक. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे एमसीव्ही एका रात्रीत असा २३ ने हलत नाही. म्हणूनच अदलाबदल ओळखायला हिमोग्लोबिनपेक्षा एमसीव्ही जास्त कामाचा. हिमोग्लोबिन रक्तस्रावाने, सलाईनने, रक्त चढवल्याने बदलतं. एमसीव्ही त्यामानाने हट्टी.

म्हणजे ट्यूबमधलं रक्त बाईंचं नाही. मग बाईंचं रक्त कुठे आहे? अदलाबदलीत कमीत कमी दोन माणसं असतात आणि खुणेने दाखवलेला माणूस त्यातला एकच असतो. टेक्निशियनने त्याच वॉर्डातून, त्याच सुमारास आलेल्या सीबीसींमध्ये 'कमी हिमोग्लोबिन, लहान पेशी' असा आकडा शोधला. मिळाला. 'ब' हे ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले गृहस्थ. त्यांच्या नावावर हिमोग्लोबिन ८.०, एमसीव्ही ६८.५, आरडीडब्ल्यू १९.४. आणि हा रिपोर्ट थांबलेला नव्हता. ऑटोव्हॅलिडेशनमधून पास होऊन तो ९ वाजून ४० मिनिटांच्या बॅचमध्ये सुटायला तयार होता. ९ वाजून ४ मिनिटांनी तो हाताने होल्डवर टाकला गेला.

का थांबला नव्हता? त्यांचा आधीचा सीबीसी ऑपरेशनपूर्व तपासणीत, ११ दिवसांपूर्वी झालेला होता. हिमोग्लोबिन १४.२, एमसीव्ही ९०. पण सिस्टिममध्ये डेल्टा चेक फक्त मागच्या ७ दिवसांत पाहत होता. त्याच्या दृष्टीने 'ब' यांना भूतकाळच नव्हता. माझ्या मते पूर्ण अहवालातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच आहे, आणि 'निष्काळजीपणा' असं लिहून मोकळं झालं की तो कधीच हाती लागत नाही. दोनपैकी एका चुकीच्या रिपोर्टला आपल्या यंत्रणेने अडवलं. दुसऱ्याला एका माणसाच्या सवयीने अडवलं.

नुकसान काय झालं असतं, तेही लिहा. ऑपरेशननंतर दोन दिवसांनी हिमोग्लोबिन १४ वरून ८ वर आलेलं पाहून कोणताही सर्जन आतल्या रक्तस्रावाच्या शोधात धावेल, आणि चुकीचं ठरणार नाही. गरज नसलेलं रक्त चढलं असतं, कदाचित परत टेबलावर घेतलं असतं. आणि 'अ' बाईंना 'सुधारलंय' म्हणून घरी पाठवलं असतं. घटनेची तीव्रता ठरवताना काय झालं यावर थांबू नका, काय होऊ शकलं असतं ते धरा. तुमच्या फॉर्ममध्ये 'प्रत्यक्ष हानी' आणि 'संभाव्य हानी' असे दोन रकाने नसतील तर दोन वेगळी वाक्यं लिहा. पहिल्यात 'नाही', दुसऱ्यात 'गंभीर'.

आता अदलाबदल कुठे झाली, हा भाग. इथे घाईने वॉर्डाकडे बोट दाखवलं जातं. आम्हीही दाखवणार होतो. पण दोघांच्याही दोन-दोन ट्यूब होत्या, सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीएची आणि बायोकेमिस्ट्रीसाठी लाल झाकणाची. लाल ट्यूबचे आकडे पाहिले. 'अ' बाईंचं क्रिएटिनिन काल १.९, आज १.९. 'ब' यांचं आधी ०.८, आज ०.८. लाल ट्यूब आपापल्या जागी होत्या, फक्त जांभळ्या बदलल्या होत्या. रक्त घेणाऱ्याने माणूसच चुकवला असता तर एका सुईतून भरलेल्या दोन्ही ट्यूब सोबत चुकल्या असत्या. एकच रंग चुकला याचा अर्थ सुई बरोबर माणसाला लागली होती आणि गडबड त्यानंतरची, लेबल लावतानाची होती.

याला आम्ही रक्तगटाचा आधार घेतला. 'अ' यांच्या नावाच्या जांभळ्या ट्यूबमधल्या पेशी बी पॉझिटिव्ह निघाल्या. त्यांच्याच नावाच्या लाल ट्यूबच्या सिरममध्ये अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही होत्या, म्हणजे सिरम ओ गटाचं. एकाच नावाच्या दोन ट्यूब दोन वेगळ्या गटांच्या. 'ब' यांच्या नावावर नेमकं उलटं चित्र. ही तपासणी स्वस्त आणि झटपट आहे, पण तिची मर्यादाही लिहा. गट जुळला नाही तर माणसं वेगळी हे नक्की. गट जुळला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण एकाच गटाची माणसं शेजारच्या खाटांवर खुशाल असू शकतात.

यानंतर ट्यूब हातात घेऊन पाहिल्या. आमच्याकडे वॉर्डात सिस्टर ट्यूबवर बॉलपेनने नाव आणि नोंदणी क्रमांक लिहीत, आणि लॅबच्या काउंटरवर नोंद झाली की बारकोड त्यावर चिकटवला जाई. 'त्यावर' म्हणजे शब्दशः त्यावर, हाताने लिहिलेलं नाव पूर्ण झाकून. आधी चारही बाजूंनी फोटो काढले, मग बारकोडचं एक टोक सावकाश उचललं. 'अ' यांच्या बारकोडखाली 'ब' यांचं नाव, स्वच्छ अक्षरात. वॉर्डाने काहीच चुकवलं नव्हतं. चूक आमची होती आणि तिच्यावरचं झाकणही आमचंच होतं. तुम्ही हे करणार असाल तर फोटो आधी घ्या. लेबल फाटलं की पुरावा गेला आणि नंतर कुणीही म्हणेल की लेबल तुम्हीच हलवलं.

लेबल चुकीचं का लागलं? काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि ते खरं होतं. रोज शेकडो लेबलं लावणाऱ्याला दोन कशी आठवतील? पण सिस्टिमच्या लॉगला आठवत होतं. ७ वाजून ५० मिनिटांनी दोघांची नोंद एकामागोमाग झाली. ७ वाजून ५६ मिनिटांनी दोन जांभळ्या ट्यूबची लेबलं पुन्हा छापली गेली. लॉग दाखवल्यावर त्याला आठवलं की प्रिंटरमध्ये पट्टी अडकून दोन लेबलं चुरगळली होती. एरवी एका पेशंटची सगळी लेबलं एकत्र बाहेर येत, 'अ'ची दोन, मग 'ब'ची दोन. रिप्रिंटला मात्र निवडलेली लेबलं एकदम, आणि शेवटची नोंद आधी अशा उलट्या क्रमाने येत. समोर स्टँडमध्ये ट्यूब 'अ', 'ब' अशा उभ्या. हाताने सवयीचा क्रम पकडला. लिहिलेलं नाव आणि बारकोडवरचं नाव जुळवून पाहायचा नियम होता, पण बारकोड चिकटल्यावर जुळवायला नाव उरतच नव्हतं.

अहवालात कारणाचा परिच्छेद आम्ही असा लिहिला होता: 'लेबलं पुन्हा छापताना ती नोंदणीच्या उलट क्रमाने बाहेर आली व ट्यूब ज्या क्रमाने ठेवल्या होत्या त्याच क्रमाने लावली गेली. बारकोड हस्तलिखित नावावर चिकटवण्याच्या प्रचलित पद्धतीमुळे लावल्यानंतर पडताळणी शक्य नव्हती.' यात कुणाचं नाव नाही, आणि लपवलेलंही काही नाही. काउंटरवर कोण होतं हे लॉगमध्ये आहेच. हे वाचणाऱ्याला दोन गोष्टी बदलता येतात. 'निष्काळजीपणा' वाचून काय बदलणार?

'रिपोर्ट बाहेर गेला नाही' हे वाक्य तुम्ही गृहीत धरलंय, ते सिद्ध करा. सही झाली नाही म्हणजे कुणी पाहिलं नाही असं नसतं. वॉर्डाच्या स्क्रीनवर तात्पुरते आकडे दिसतात का? पेशंटच्या मोबाइलवर आपोआप काही जातं का? कुणी फोनवर आकडा सांगितला का? आमच्याकडे ९ वाजून १५ मिनिटांनी वॉर्डातून 'ब' यांच्या हिमोग्लोबिनसाठी फोन आला होता. अकरा मिनिटं आधी होल्ड लागला नसता तर तो आकडा तोंडीच गेला असता आणि आमच्या कागदावर 'रिपोर्ट गेला नाही' हे तरीही खरंच दिसलं असतं. दोन्ही रिपोर्ट कुणी, कधी उघडले याचा लॉग काढून अहवालाला जोडा.

त्याच ट्यूबमधून आणखी काय काय होणार होतं, तेही पाहा. आमच्या डोक्यात सीबीसीच होता. नंतर लक्षात आलं की 'अ' बाईंची एचबीएवनसी त्याच जांभळ्या ट्यूबवर होती आणि ट्यूब दुसऱ्या बेंचच्या रांगेत उभी होती. तिथे ती 'ब' यांच्या रक्तावर झाली असती, आकडा साधा नॉर्मल आला असता, आणि तो थांबवायला कुठलाही डेल्टा नव्हता. रक्तपेढीकडे क्रॉसमॅचसाठी तीच ट्यूब गेली असेल तर सर्वांत आधी तिथे फोन करायचा, बाकी सगळं नंतर.

शेजारचे नमुनेही तपासायला हवेत. साडेसात ते साडेआठ या वेळात त्या काउंटरवरून गेलेल्या २३ जांभळ्या ट्यूबचे बारकोड आम्ही टोकाने उचलून खालची नावं पाहिली. सगळी जुळली. त्या २३ पैकी फक्त ९ जणांचा जुना सीबीसी सिस्टिममध्ये होता, हेही लिहिलं. उरलेल्या १४ जणांत अदलाबदल झाली असती तर डेल्टाला कळलीच नसती. ज्यांचा आकडा दोघांचाही नॉर्मल, त्यांच्याबाबतीत तर जुना रेकॉर्ड असूनही कळणं कठीण. म्हणून 'डेल्टा चेकने चूक पकडली' हे अहवालात अभिमानाने लिहू नका.

तुम्ही रक्त परत घेतलंत ते योग्यच केलंत. आमच्याकडे वाद झाला होता. बारकोडखाली नाव दिसतंय, गटही पटतोय, मग आकडे नुसते उलटे करून का सोडायचे नाहीत? कारण सीबीसीचं रक्त परत मिळतं. जे परत मिळतं ते परत घ्यायचं, ट्यूबवर लेबल बदलायचं नाही, आकडे एका नावावरून दुसऱ्यावर उचलायचे नाहीत. आज पुरावा भक्कम आहे म्हणून सूट दिली की उद्या तो अर्धा असतानाही हात तिकडेच वळतो. पाठीच्या कण्यातलं पाणी किंवा बायोप्सी असेल तर गोष्ट वेगळी. तो नमुना फेकायचा नाही. पॅथॉलॉजिस्ट आणि उपचार करणारे डॉक्टर यांनी मिळून निर्णय घ्यायचा आणि ओळखीबद्दलची शंका रिपोर्टवरच छापायची. बायोप्सीच्या बाबतीत गरज पडली तर डीएनएवरून तुकडा कुणाचा हे तपासता येतं.

आमचे नवे नमुने ९ वाजून ५० मिनिटांनी आले. 'अ' यांचं हिमोग्लोबिन ८.०, एमसीव्ही ६८. 'ब' यांचं १३.६, एमसीव्ही ९१. पावणेअकराला रिपोर्ट गेले. दोन्ही डॉक्टरांना मी स्वतः फोन करून उशिराचं खरं कारण सांगितलं. रिपोर्ट गेला नव्हता तरी पेशंटला दुसरी सुई का टोचली हे त्यांना माहीत असायलाच हवं, नाहीतर वॉर्डात 'ट्यूबमध्ये गाठी झाल्या होत्या' अशी एखादी सोयीची गोष्ट फिरते.

एक बारीक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ते चुकीचे आकडे सिस्टिममध्ये पडून राहू देऊ नका, आणि पुसूनही टाकू नका. पुसले तर घटनेचा पुरावा जातो. नुसते होल्डवर राहिले तर काही सिस्टिम पुढच्या वेळी त्यांनाच जुना आकडा धरतात आणि 'ब' यांचा खरा रिपोर्ट उगाच अडतो. 'नमुन्याची ओळख चुकीची, निकाल रद्द' अशा शेऱ्यासह ते रीतसर रद्द करा. ट्यूबही अहवाल बंद होईपर्यंत बाजूला, ४ अंशांवर ठेवा. बाहेर राहिलेल्या ईडीटीए रक्तात दिवसभराने पेशी फुगतात आणि एमसीव्ही वाढतो, मग फेरतपासणीचे आकडे विनाकारण गोंधळात टाकतात. 

सुधारणा आम्ही तीनच केल्या. बारकोड हस्तलिखित नावाच्या खाली लावायचा, नाव उघडं राहिलं पाहिजे. रिप्रिंट एका वेळी एकाच ट्यूबचं, आणि ते लावून झाल्याशिवाय दुसरं छापलं जाणार नाही अशी सेटिंग. एमसीव्हीसाठी डेल्टाची मुदत ७ दिवसांवरून ९० दिवस. पोटॅशियम किंवा पांढऱ्या पेशींसाठी एवढी मुदत ठेवली तर रोज विनाकारण ढीगभर रिपोर्ट अडतील, त्यामुळे ती सरसकट वाढवू नका. प्रशिक्षणही घेतलं, पण अहवालात ते सुधारणा म्हणून धरलं नाही.

प्रत्येक सुधारणेपुढे तारीख आणि ती लागू पडली हे कशावरून कळणार ते लिहा. आयएसओ १५१८९ नुसार चालणाऱ्या लॅबमध्ये तपासनीस याच जागी बोट ठेवतात. आम्ही लिहिलं होतं, 'तीन महिन्यांनी रिप्रिंटचा लॉग काढून त्या वेळच्या ट्यूब पाहणे.' काढला. दिवसाच्या पाळीत सगळं ठीक होतं. रात्रीच्या पाळीत मात्र लेबलं अजूनही एकदम छापली जात होती, कारण काउंटरवर संगणक दोन होते आणि सेटिंग एकाच संगणकावर बदललं गेलं होतं. त्याच दिवशी दुसऱ्यावर बदलून घेतलं आणि तपासणीची तारीख आणखी तीन महिने पुढे टाकली.